लासलगावच्या गोणीचा धागा समुद्रात कुठे जातो

लासलगाव-निफाडकडच्या कांद्याच्या कुठल्याही खळ्यावर जा, लाल जाळीच्या गोण्यांचे ढीग दिसतील. नव्या गोणीत माल भरून ती शिवली जाते आणि ट्रकमध्ये चढते. फाटक्या आणि जुन्या गोण्या मात्र कुंपणावर, चाळीच्या छपरावर, बांधावर पडून राहतात. एक-दोन उन्हाळे खाल्लेली अशी गोणी हातात घेऊन बघा. ओढली की ती फाटत नाही, कडाकडा तुटते. धागा बोटांत धरून चोळला की त्याचा भुगा होतो आणि तळहातावर लाल कूस उरते. हात झटकला की ती वाऱ्यावर निघून जाते, आणि आपल्या लेखी विषय संपतो. मला या लेखात त्या कुसेच्या मागे जायचं आहे, कारण समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल आपण जे फोटो बघतो त्यातलं जवळजवळ काहीच या कुसेला लागू पडत नाही.

गोणीचा धागा बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, काही गोण्या पॉलिथिलीनच्या असतात. दोन्हींत कार्बनच्या लांबच लांब साखळ्या असतात. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या साखळ्या मधूनमधून तोडतात. पॉलिप्रॉपिलीन या बाबतीत जास्तच हळवं आहे, म्हणून कारखान्यात त्यात ऊन सोसायला मदत करणारं रसायन मिसळतात. ते संपलं की धागा कडक होतो, त्याला चिरा जातात आणि तो तुटत सुटतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. साखळी तुटून आखूड झाली म्हणजे प्लास्टिक कुजलं असं नाही. एका धाग्याचे हजार तुकडे झाले, पण ते हजारही प्लास्टिकच आहेत. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली किनाऱ्यावरच्या वाळूत आणि समुद्राच्या पाण्यात असे कण दाखवले, तेव्हापासून हा शब्द सगळीकडे रुळला.

आधी नदी

नाशिकहून अरबी समुद्र तसा हाकेच्या अंतरावर. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून सरळ पश्चिमेला गेलं तर शंभर किलोमीटरच्या आत किनारा लागतो. पण गोदावरी तिकडे पाठ फिरवते आणि साधारण १४६५ किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे नासर्डी, वाघाडी, दारणा, कादवा यांच्या काठावर जे पडतं त्याचा समुद्र बंगालचा.

तिथपर्यंत पोचतं किती, हा वेगळा प्रश्न. वाटेत नांदूर मध्यमेश्वर आहे, पैठणचं जायकवाडी आहे, नांदेडचं विष्णुपुरी, तेलंगणातलं श्रीरामसागर, आणि अगदी शेवटी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा. नांदूर मध्यमेश्वर किती गाळाने भरलंय हे निफाड तालुक्यात कुणाला सांगायला नको. त्याच गाळात प्लास्टिकही बसतं. पाण्याची रिकामी बाटली ज्या प्लास्टिकची असते ते पाण्यापेक्षा जड असतं, पाण्याच्या दीडपटीच्या जरा खाली. झाकण लावलेलं असेल तर आतल्या हवेवर बाटली तरंगते. झाकण निघालं की पाणी भरतं आणि बाटली तळाला जाते. झाकण मात्र हलक्या प्लास्टिकचं, ते तरंगतच राहतं. गोणीचा धागाही पाण्यापेक्षा हलका. म्हणजे नदी स्वतःच निवड करते: जड ते धरणांच्या तळाशी, हलकं ते पुढे. हलक्यातलंही पुष्कळसं काठाच्या झुडपांत, जलपर्णीत, घाटाच्या पायऱ्यांत अडकतं आणि पुराची वाट बघतं. नाशकात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आपण पुलावर उभे राहून पूर बघतो. त्या पाण्यावरून जे वाहत जातं त्यात बाकीच्या वर्षाची साठलेली शिल्लक असते. शांत पाण्यात जे महिनोन्‌महिने हलत नाही ते पुराच्या दोन दिवसांत कित्येक मैल सरकतं.

तेव्हा नाशिकचं सगळं प्लास्टिक समुद्रात जातं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. बराचसा वाटा नदीच्याच पोटात राहतो. पण धागा हलका आहे, बारीक आहे, धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याबरोबर जाणारा आहे. आपण धरून चालू की तो दोन-चार पावसाळ्यांत धवळेश्वरम ओलांडून समुद्रात उतरला.

पाणी बुडतं, प्लास्टिक बुडत नाही

समुद्रात कचरा एका जागी का गोळा होतो हे समजायला थोडा वेळ बंगालचा उपसागर सोडून प्रशांत महासागरात जाऊ. तिथली गोष्ट सगळ्यात स्वच्छ दिसते.

वारा समुद्रावरून वाहिला की पाणी वाऱ्याच्याच दिशेने जाईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. नॉर्वेचा नान्सेन १८९३ साली आपलं 'फ्राम' जहाज मुद्दाम उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकवून घेऊन निघाला. बर्फाबरोबर वाहताना त्याच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे वीस ते चाळीस अंश कलून सरकतो. स्वीडनच्या एकमन या तरुण अभ्यासकाने त्याचं गणित मांडलं, ते १९०५ साली सविस्तर छापून आलं. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात हलणारं पाणी उजवीकडे वळतं. वरचा थर खालच्या थराला ओढतो, तो आणखी थोडा उजवीकडे वळतो, त्याच्या खालचा आणखी. वरच्या पन्नास-शंभर मीटरच्या पाण्याचा एकूण हिशेब केला तर ते वाऱ्याच्या दिशेला काटकोनात, उजवीकडे सरकलेलं असतं. दक्षिण गोलार्धात हेच डावीकडे.

आता उत्तर प्रशांत महासागराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. विषुववृत्ताच्या थोडं वर वारे पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात, म्हणजे पाणी उत्तरेकडे ढकललं जातं. त्याच्या बरंच वर, जपान आणि अमेरिकेच्या वरच्या अंगाला, वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणजे पाणी दक्षिणेकडे ढकललं जातं. दोन्हींकडून रेटलेलं पाणी मध्ये, साधारण तीस अक्षांशाच्या आसपास, एकमेकांवर येतं आणि तिथे समुद्राचा फुगवटा तयार होतो. उंची फक्त मीटरभर, पण पसारा हजारो किलोमीटरचा, त्यामुळे जहाजावरून तो दिसत नाही. उपग्रहांनी मात्र मोजलाय. फुगवट्यावरचं पाणी उतारावरून बाहेर निघू बघतं, पृथ्वीच्या फिरण्याने तेही उजवीकडे वळतं, आणि सरळ उतरण्याऐवजी फुगवट्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत राहतं. हे मोठं फिरणं म्हणजेच जायर, महासागराचं चक्र. अशी पाच मोठी चक्रं आहेत: प्रशांत आणि अटलांटिक महासागरांत उत्तरेला एकेक, दक्षिणेला एकेक, आणि हिंदी महासागरात फक्त दक्षिणेला एक.

नुसत्या फिरण्याने मात्र कचरा गोळा होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी समजावताना इथेच घाई केली जाते. गोळा होण्याचं कारण त्या मधल्या जागेत आहे. सगळीकडून पाणी आत येतंय तर ते जाणार कुठे? खाली. मोरीच्या जाळीवर पाणी सगळीकडून येतं, खाली निघून जातं आणि तरंगणारा पाचोळा वर जाळीपाशीच राहतो, तेवढंच हे आहे. फरक वेगाचा. चक्राच्या मध्यावर पाणी खाली जातं ते दिवसाला फार तर दहा-पंधरा सेंटिमीटर. आणि दोन-चार मिलिमीटरचा हलक्या प्लास्टिकचा तुकडा पाण्याखाली दाबून सोडला तर तो सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर वेगाने वर येतो. पाण्याने दिवसभरात जेवढं खाली ओढलं तेवढं तो दहा-पंधरा सेकंदांत भरून काढतो. पाणी येतं, बुडतं, निघून जातं. तुकडा येतो आणि राहतो. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की साठा होतो.

त्या साठ्याला 'कचऱ्याचं बेट' म्हणण्याची पद्धत पडली आहे, आणि ती मला मुळीच पटत नाही, कारण त्यामुळे माणूस चुकीची गोष्ट शोधायला लागतो. अमेरिकेचे चार्ल्स मूर १९९७ साली नौका घेऊन त्या भागातून गेले, तेव्हा या जागेचा बोलबाला सुरू झाला. २०१८ साली छापून आलेल्या मोठ्या मोजणीत तिथलं क्षेत्र १६ लाख चौरस किलोमीटर भरलं, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील एवढं. प्लास्टिक ७९ हजार टन, आणि तुकडे १.८ लाख कोटी. आकडे ऐकून छाती दडपते, म्हणून आपल्या हिशेबात आणून बघू. भागाकार केला तर एकरी साधारण २०० ग्रॅम प्लास्टिक येतं. एकरभर पाण्यावर दोनशे ग्रॅम! त्यातलं जवळजवळ निम्मं वजन मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचं. मायक्रोप्लास्टिकचा वाटा वजनाने आठच टक्के, म्हणजे एकरी सोळा-सतरा ग्रॅम, पण तुकड्यांच्या संख्येत तो ९४ टक्के आहे. एकरात साडेचार हजारांच्या आसपास तुकडे, त्यातले चार हजारांहून जास्त एका मुठीत मावतील. बेट कुठलं आलंय. तिथे जहाजावर उभं राहिलं तर स्वच्छ निळं पाणीच दिसतं. अधूनमधून एखादं जाळं, एखादा डबा. बाकीचं बारीक जाळी ओढून वर काढल्याशिवाय कळत नाही.

आपला समुद्र वेगळा आहे

आता आपल्या धाग्याकडे. तो बंगालच्या उपसागरात आहे आणि तिथे असं कायमचं चक्र नाही. हिंदी महासागराच्या उत्तरेला जमीन आडवी आली आहे, आणि वारे सहा महिन्यांनी उलटे फिरतात. ज्या मान्सूनवर आपली शेती चालते तोच मान्सून इथे फुगवटा टिकू देत नाही. उन्हाळ्यानंतर वारे नैऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. त्यांच्याबरोबर प्रवाहही दिशा बदलतात. गोदावरीचं पुराचं पाणी जुलै ते सप्टेंबरात समुद्रात उतरतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो. हिवाळ्यात उपसागराचं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळच्या बाजूला येतं, हे खारटपणाच्या मोजमापांतून चांगलं ठाऊक आहे. त्या पाण्यावर तरंगणारा एखादा धागा अरबी समुद्रात शिरू शकतो. पश्चिमेला पाठ फिरवून गेलेली गोदावरी अशा लांबच्या वाटेने पश्चिम किनारा गाठू शकते, ही गंमत मला फार आवडते. दोन-तीन महिन्यांनी मात्र उपसागरातला प्रवाह पुन्हा उत्तरेकडे वळतो आणि मागे राहिलेलं परत फिरतं.

असं पुढे-मागे ढकललं जाणारं तरंगतं प्लास्टिक केव्हा ना केव्हा किनाऱ्याला लागतं. प्रवाहांची संगणकावर नक्कल करून पाहिली तेव्हाही उत्तर हिंदी महासागरातलं बहुतेक तरंगतं प्लास्टिक काही वर्षांत किनाऱ्यांवरच जाऊन पडताना दिसलं. थोडं विषुववृत्त ओलांडून दक्षिणेच्या चक्रात जातं. ते चक्र काय करू शकतं हे २०१५ साली जगाने पाहिलं. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच ३७० विमान नाहीसं झालं, शोध ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडच्या समुद्रात चालला होता, आणि जुलै २०१५ मध्ये त्याच्या पंखाचा एक भाग सापडला तो हिंदी महासागराच्या पार दुसऱ्या अंगाला, मादागास्करजवळच्या रीयुनियन बेटावर. चक्राच्या वरच्या, पश्चिमेकडे वाहणाऱ्या बाजूने तो सोळा महिन्यांत तिथे पोचला होता.

किनारा म्हणजे प्रवासाचा शेवट असंही नाही. उलट खरं तुटणं तिथेच होतं. खोल समुद्रात पाणी थंड, वर शेवाळाची सावली, त्यामुळे प्लास्टिक सावकाश जुनं होतं. वाळूवर ते तापतं, ऊन थेट लागतं, आणि लाटा वाळूवर घासतात. खळ्यावर जे दोन उन्हाळ्यांत झालं ते इथे पुन्हा होतं. हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर, जिथे वस्ती सहाशेच्या आसपास, अभ्यासकांनी वाळू खणून मोजलं. २०१९ साली त्यांनी मांडलेला अंदाज ४१ कोटी ४० लाख तुकड्यांचा आणि २३८ टनांचा होता. त्यातले बहुतेक तुकडे बारीक आणि वाळूच्या वरच्या दहा सेंटिमीटरांत गाडलेले. वरवर बघून केलेल्या मोजणीत ते आलेच नसते.

एक जुनं कोडंही इथे थोडं सुटतं. २०१० या एका वर्षात जमिनीवरून ४८ लाख ते १२७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं असा अंदाज आहे. आणि जगभरच्या समुद्रांवर तरंगणारं सगळं मिळून २०१४ साली पावणेतीन लाख टनांच्या आत भरलं. एका वर्षाची आवकसुद्धा शिलकीत दिसत नाही! बाकीचं किनाऱ्यांत, तळाच्या गाळात आणि मधल्या पाण्यात आहे. थोडं पोटांतही.

पोटात कसं जातं

धागा समुद्रात पडल्यावर काही दिवसांतच त्याच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, मग बारीक शेवाळ येतं. त्याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे त्याचं वजन वाढतं आणि हलका धागाही खाली जाऊ लागतो. खोलवर उजेड नाही, शेवाळ मरतं, धागा पुन्हा हलका होऊन वर येऊ शकतो. म्हणजे तो पृष्ठभाग सोडून मधल्या पाण्यात खाली-वर करू लागतो. दुसरी गोष्ट वासाची. शेवाळ खाल्लं जातं तेव्हा समुद्रात गंधकाचा एक वायू सुटतो, आणि त्या वासावर काही समुद्रपक्षी अन्न शोधतात. समुद्रात काही आठवडे ठेवलेल्या प्लास्टिकला तोच वास येतो, हे २०१६ साली कॅलिफोर्नियात दाखवलं गेलं. पुढच्याच वर्षी अँकोव्ही माशांच्या थव्यावर प्रयोग झाला. समुद्रात मुरलेल्या प्लास्टिकचा नुसता वास पाण्यात सोडला तरी थवा अन्न शोधल्यासारखा वागला. नव्या प्लास्टिकच्या वासाने काही झालं नाही. तेव्हा 'मासे बिचारे फसतात, त्यांना दिसत नाही' हे अर्धंच खरं. कण अन्नासारखा झालेला असतो.

पण मासा ही वरची पायरी. सुरुवात प्लवकांपासून होते. पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती, आणि ती खाणारे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे जीव. त्यांत सगळ्यात जास्त कोपेपॉड, कोळंबीचेच लांबचे नातेवाईक. ते पायांनी पाणी हलवून कण तोंडाकडे आणतात. त्यांचं नेहमीचं खाणं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतं. आपला धागा तुटत तुटत त्या मापाला आला की तो त्यांच्या ताटात असतो. मोठं प्लास्टिक कासवाच्या किंवा देवमाशाच्या पोटात गेलं तर तो त्या एका जिवाचा घात. बारीक झालेलं प्लास्टिक अन्नसाखळीच्या तळातून शिरतं, म्हणून त्याचा प्रश्न वेगळा आहे.

२०१३ साली इंग्लंडमध्ये पंधरा प्रकारच्या प्राणी प्लवकांना प्लास्टिकचे सूक्ष्म मणी देऊन पाहिले. तेरा प्रकारांनी ते गिळले. दोन वर्षांनी एका जातीच्या कोपेपॉडवर पुढचा प्रयोग झाला. मणी मिसळलेल्या पाण्यात त्यांच्या पोटात जाणारं अन्न चाळीस टक्क्यांनी कमी झालं आणि पुढे अंडी लहान निघाली. मण्याने विष पसरलं नव्हतं, नुसती जागा अडवली होती. आता यातली मर्यादा सांगतो, कारण बातमीत ती गळून पडते. त्या प्रयोगात दर मिलिलिटरला ७५ मणी होते, म्हणजे घनमीटरला साडेसात कोटी. खुल्या समुद्रात जाळीने जे सापडतं त्याच्या हे कितीतरी पट आहे. काय होऊ शकतं ते प्रयोगाने दाखवलं, पण समुद्रात रोज तेवढंच घडतं असं त्यातून निघत नाही.

एका पोटातून दुसऱ्या पोटात जाणंही तपासलंय. बाल्टिक समुद्रातल्या प्लवकांना चमकणारे मणी खाऊ घातले, मग ते प्लवक लहान झिंग्यांना दिले, आणि तीन तासांत मणी झिंग्यांच्या आतड्यात दिसले. माणसाच्या ताटापर्यंतची शिडी किती आखूड असू शकते हे समजायला मला जवळा पुरेसा वाटतो. जवळा प्लवक खातो. बोंबील जवळा खातो. आठवडे बाजारातून आपण दोन्ही सुके आणतो. मोठा मासा साफ करताना पोट काढून टाकलं जातं, आणि कण बहुतेक तिथेच असतात. जवळ्याचं पोट कोण काढणार? तो पोटासकट तव्यावर पडतो. शिंपल्या आणि कालवंही तशीच, अख्खी खाल्ली जाणारी. आपल्याकडे येणारा जवळा मुख्यतः अरबी समुद्राचा, म्हणजे त्यातले कण नाशिकच्या खात्यावर क्वचितच असतील, मुंबईच्या खाड्यांच्या खात्यावर जास्त.

वरच्या पायरीला कण साठत जातात का? पाऱ्याचं तसं होतं: लहान माशात थोडा, मोठ्यात जास्त, सगळ्यात मोठ्यात घातक. बारीक प्लास्टिकचं तसं होताना स्पष्ट दिसलेलं नाही. बहुतेक कण आतड्यातून विष्ठेवाटे बाहेर पडतात, मांसात जात नाहीत. प्लास्टिकला चिकटणाऱ्या विषारी रसायनांचंही असंच. जपानमध्ये २००१ साली प्लास्टिकच्या दाण्यांवर आजूबाजूच्या पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत अशी रसायनं सापडली, आणि त्यावर खूप लिहिलं गेलं. पुढच्या हिशेबांत दिसलं की माशाला तीच रसायनं त्याच्या रोजच्या भक्ष्यातून कितीतरी जास्त मिळतात, प्लास्टिकची भर लहान असते. मला हे निश्चिंत करणारं वाटत नाही, पण भीती दाखवायची तर खऱ्या गोष्टीची दाखवावी.

विष्ठेवाटे बाहेर पडणं हेही तितकं साधं नाही. प्लवकांच्या विष्ठेच्या गोळ्या समुद्राच्या तळाकडे बुडत जातात आणि तळाच्या जिवांचं अन्न होतात. हलके प्लास्टिकचे कण आत असले की या गोळ्या बऱ्याच हळू बुडतात, हे प्रयोगात मोजलंय. खाली जायचं अन्न वरच रेंगाळतं, दुसऱ्याच कुणाच्या पोटात जातं, आणि कणाची फेरी पुन्हा सुरू होते.

आता चक्राचा आणि पोटाचा संबंध जोडतो. मूर यांनी प्रशांत महासागराच्या चक्रात ओढलेल्या जाळीत प्लास्टिकचं वजन प्लवकांच्या सहापट भरलं होतं. हा आकडा जगभर फिरला. त्याचं निम्मं कारण प्लास्टिक जास्त असणं, आणि निम्मं प्लवक फारच थोडे असणं. चक्राच्या मध्यावर पाणी खाली जातं, त्यामुळे खोल पाण्यातली पोषक द्रव्यं वर येत नाहीत, आणि तिथे शेवाळ फारसं वाढत नाही. ज्या कारणाने कचरा साठतो त्याच कारणाने तो भाग समुद्रातलं वाळवंट आहे. प्लवकांची खरी गर्दी नद्यांच्या मुखाशी, किनाऱ्यालगत, जिथे खालचं पाणी वर येतं तिथे. मासळीही तिथलीच. म्हणून नकाशावर सगळ्यात गडद रंगवलेला डाग आणि अन्नसाखळीत प्लास्टिक शिरण्याची सगळ्यात मोठी जागा या दोन एकच नाहीत. गोदावरीच्या मुखाशी घोटाळणारा, कधीच कुठल्या चक्रात न पोचलेला आपला धागा एखाद्या प्लवकाला भेटण्याची शक्यता प्रशांत महासागराच्या मध्यावरच्या तुकड्यापेक्षा जास्त आहे.

मोजायचं कसं

समुद्रातून नमुने घेताना जी जाळी ओढतात तिची छिद्रं साधारण मिलिमीटरच्या एक तृतीयांश असतात. गोणीच्या धाग्याची बारीक कूस त्यातून आडवी अडकली तर अडकते, उभी आली तर निसटते. जुन्या मोजण्यांत सगळ्यात बारीक कण म्हणूनच कमी दिसतात. ते नव्हते असं नाही, जाळीतच राहिले नाहीत. उलट चूकही होते. प्रशांत महासागरातल्या लहान माशांची पोटं तपासली तेव्हा एका अभ्यासात पस्तीस टक्क्यांत प्लास्टिक निघालं, दुसऱ्यात नऊ. जाळ्यात मासे आणि प्लास्टिक दाटीवाटीने एकत्र आले की मासे तिथेच ते गिळतात, ही त्यातली एक शंका. धाग्यांच्या बाबतीत आणखी पंचाईत. तपासणाऱ्याच्या सदऱ्याचे, पडद्याचे, हवेतल्या धुळीचे धागे नमुन्यात पडतात आणि माशाच्या नावावर जमा होतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत सुती अॅप्रन घालतात, आणि शेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवून तिच्यात किती धागे पडले ते मोजून वजा करतात. सापडलेला कण प्लास्टिकचाच आहे का, हे त्याच्यावर अवरक्त प्रकाश टाकून ओळखतात. प्रत्येक प्लास्टिक त्यातला ठरावीक भाग शोषून घेतं, त्यावरून पॉलिप्रॉपिलीन आहे की कापूस ते कळतं. नुसतं सूक्ष्मदर्शकातून पाहून लाल दिसला म्हणून मोजलेला धागा चुकीचा असू शकतो. पुढच्या वेळी 'अमुक माशात इतके कण' अशी बातमी वाचाल तेव्हा दोन गोष्टी शोधा: रिकाम्या बशीचा आकडा दिलाय का, आणि किती कणांची ओळख प्रकाशाने पटवलीय. दोन्ही नसतील तर तो आकडा अंदाज समजा.